दुष्काळाचा विमा आणि सावकाराचे व्याज

डिसेंबर १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य सर जॉन स्ट्रॅची यांनी एक हिशोब मांडला. गेल्या काही वर्षांत बिहार, मद्रास, म्हैसूर आणि मुंबई इलाख्यातील दुष्काळांवर झालेला खर्च पाहून त्यांनी ठरवले, की दुष्काळ हा आकस्मिक खर्च मानण्यात अर्थ नाही. दहा वर्षांत त्यापायी सुमारे दीड कोटी पौंड लागतात, म्हणजे सरासरी वर्षाला पंधरा लाख पौंड. पौंडाला दहा रुपये या तेव्हाच्या हिशोबी दराने ही रक्कम दीड कोटी रुपये होते. दुष्काळ पडल्यावर कर्ज काढायचे आणि मग पिढ्यान्‌पिढ्या त्याचे व्याज करांतून भरायचे, त्यापेक्षा दरवर्षी दीड कोटी रुपये जास्त कर घ्यायचा, चांगल्या वर्षांत तो जुने कर्ज फेडायला किंवा नवे टाळायला वापरायचा आणि दुष्काळ पडला की तितकेच कर्ज काढायचे, अशी ही योजना होती. कागदोपत्री तिला ‘दुष्काळ विमा’ म्हणू लागले. त्यासाठी १८७८ मध्ये व्यापार-धंद्यांवर परवाना कर बसला. मुंबई इलाख्यासाठी त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्याची वसुली खानदेशातही आली. त्या वेळी नशिराबाद हे तालुक्याचे नाव होते आणि जळगाव त्याच तालुक्यात मोडत असे.

या योजनेच्या पोटात अर्थशास्त्रातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. सरकारचा खर्च ठरलेला असेल, तर तो आजच्या करातून भागवला काय आणि कर्जातून भागवला काय, घरांच्या वागण्यात काही फरक पडतो का? स्ट्रॅचींच्या हिशोबात फरक फक्त व्याजाच्या वाढत्या ओझ्याचा होता. पण घर दूरचे पाहणारे असेल, तर तेवढाही फरक उरू नये, असा एक युक्तिवाद त्याआधी सत्तावन्न वर्षे छापलेला होता. तो बरोबर होता का, आणि खानदेशात कुठवर लागू पडत होता, हे उपलब्ध कागदांवरून पाहता येते.

पहिला कागद लंडनचा आहे. डेव्हिड रिकार्डोने १८२० मध्ये ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या पुरवणीसाठी सरकारी कर्जव्यवस्थेवर लेख लिहिला. त्यातले उदाहरण साधे आहे. युद्धाला वर्षाला दोन कोटी पौंड लागतात. ते एकदम कराने घ्या, किंवा पाच टक्क्यांनी कर्ज काढून दरसाल दहा लाख पौंड व्याजापुरता कर कायम घेत राहा. पाच टक्के दराने दोन कोटी रोख आणि दहा लाखांचा कायमचा हप्ता यांची आजची किंमत एकच. म्हणून काटकसरीच्या दृष्टीने दोन्ही मार्ग सारखे, असे रिकार्डो म्हणतो. व्यक्तीपुरते त्याचे उदाहरण असे: वीस हजार पौंडांच्या मालकाने एक हजार पौंड एकदम भरले काय किंवा कायम दरसाल पन्नास भरले काय, बोजा तोच. नंतरचे हप्ते आपले वारस भरतील असे त्याला वाटत असेल, तर तीच मालमत्ता तो त्या वारसांसाठीच ठेवणार आहे. हप्त्यांचे ओझे असलेली वीस हजारांची मालमत्ता देणे आणि ओझे नसलेली एकोणीस हजारांची देणे यांत अंतर काय?

यातून पुढचे पाऊल तर्काने निघते. सरकारने कर न घेता कर्ज काढले, तर आज घराच्या हातात जास्त पैसा राहतो. पण उद्याचा कर ज्याला दिसतो, तो हा पैसा खर्च करणार नाही, बाजूला ठेवील. सरकारला जितके कर्ज हवे, तितकीच घरांची बचत वाढेल. म्हणून व्याजदर हलणार नाही आणि बाजारातली मागणीही तेवढीच राहील. इथे एक अट कडक आहे: खर्चाचा आकडा आणि त्याची वेळ बदलता कामा नये, फक्त पैसा उभारण्याची रीत बदलावी. रॉबर्ट बॅरो यांनी १९७४ मध्ये ही कल्पना गणिती रूपात मांडली. आईबाप मुलांच्या हिताला आपल्या हितात धरतात आणि वारसा ठेवतात, म्हणून पुढच्या पिढीवर पडणारा करही त्यांना आपलाच वाटतो, हा त्यांच्या मांडणीचा कणा होता. कर आणि कर्ज यांच्या या समतुल्यतेला जेम्स ब्यूकॅनन यांनी १९७६ मध्ये रिकार्डोचे नाव जोडले. पण रिकार्डोचा लेख पुढे वाचला की अडखळायला होते. लोक करांचा असा हिशोब कधी करत नाहीत आणि त्याप्रमाणे घर चालवत नाहीत, असे तोच लिहितो. कर्जामुळे माणसांना आपण आहोत त्यापेक्षा श्रीमंत वाटते, हीच त्याची तक्रार आहे. जेराल्ड ओड्रिस्कॉल यांनी १९७७ मध्ये हे बोट ठेवून दाखवले. म्हणजे सिद्धांत रिकार्डोच्या नावावर आहे, पण त्यातली माणसे खरोखर तशी वागतात यावर त्याचाच विश्वास नव्हता.

मग खानदेशातले लोक कसे होते? दूरदृष्टी नव्हती म्हणून सिद्धांत फसला, असे म्हणणे सोपे आहे. पण इथल्या कागदांत याच्या उलट पुरावा आहे.

१८५२ मध्ये खानदेशात महसुली मोजणी सुरू झाली. त्याच वर्षी तापीपलीकडच्या सावद्याला मोठा जमाव जमला. ‘इम्पिरियल गॅझेटियर’ सावद्याच्या नोंदीत दहा ते पंधरा हजार असंतुष्ट एकत्र आल्याचे आणि पायदळाच्या तुकडीने म्होरके पकडल्यावरच जमाव पांगल्याचे सांगते. फैजपूर, यावल आणि दक्षिणेकडे एरंडोल इथेही विरोध झाला. आकडा सरकारी आहे, म्हणून त्याला ढोबळ मानावे. घटना मात्र निश्चित आहे. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट तिच्या वेळेत आहे. ज्या दिवशी साखळी टाकून शेत मोजतात, त्या दिवशी कोणाच्या खिशातून एक पैसाही जास्त जात नाही. मोजणीनंतर प्रतवारी, मग दर, आणि मग तीस वर्षांसाठी शेतसारा. सावद्याच्या लोकांनी पहिल्या पायरीवरच शेवटची पायरी पाहिली. या घटनेला दुसरे कारण असू शकते. मोजणीने वतनदार आणि गावकामगार यांच्या जुन्या सवलतींना धक्का बसणार होता आणि त्यांनी लोकांना उठवले, हेही संभवते. पण हे कारण धरले तरी लोकांना भडकवायला जी भीती वापरली गेली ती भविष्यातल्या साऱ्याचीच असणार, हा माझा निष्कर्ष आहे. तो पुराव्याच्या जवळ आहे, खुद्द पुरावा नाही.

दुसरा पुरावा सरकारच्याच कायद्यात आहे, आणि मला तो सावद्याच्या जमावापेक्षा वजनदार वाटतो. मुंबई इलाख्यात शेतसारा तीस वर्षांसाठी बांधून देत. मुदत संपल्यावर नवी आकारणी होई. त्यातली अडचण अशी, की शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर खणली आणि पुढच्या आकारणीत त्या बागायतीवरही सारा वाढला, तर विहीर खणायची कशाला? म्हणून १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने नव्या आकारणीत धारकाने स्वतःच्या खर्चाने केलेल्या सुधारणांमुळे वाढलेल्या मूल्यावर सारा वाढवायला बंदी केली. कायदे करणाऱ्यांना अशी तरतूद लागली, कारण ते ज्या माणसांसाठी कायदा करत होते ती तीस वर्षांपुढचा कर आज धरून चालत होती. आंधळ्या माणसासाठी कोणी असे कलम लिहीत नाही. तेव्हा घरांनी पुढचे पाहावे ही समतुल्यतेची पहिली अट इथल्या जमिनीत तरी पुरी होत होती, असे म्हणायला आधार आहे.

आता १८७८ च्या परवाना कराकडे येऊ. नशिराबादच्या पेठेतला एखादा लहान दुकानदार डोळ्यांसमोर आणू. तो माझ्या कल्पनेतला आहे आणि पुढचे आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून मी घेतले आहेत. समजा दुष्काळाच्या खर्चात त्याचा वाटा पंचवीस रुपये येतो. सरकारने तो आज घेतला, तर प्रश्न मिटला. सरकारने त्याच्या वतीने पंचवीस रुपये चार टक्क्यांनी कर्ज काढले, तर त्याला दरसाल एक रुपया कायम भरावा लागेल. त्या काळी सरकारी रोख्यांचा दर चार-साडेचार टक्क्यांच्या आसपासच होता. ज्या माणसाला स्वतः चार टक्क्यांनी उसने मिळते आणि ज्याची शिल्लक चार टक्केच कमावते, त्याला दोन्ही मार्ग खरोखर सारखे. तो पंचवीस रुपये बाजूला ठेवील आणि त्यांच्या व्याजातून दरसालचा रुपया भरील.

पण दुकानदाराला पैसा कोण देई? १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या दस्तऐवजांची होळी झाल्यावर सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाच्या कागदांत शेतकरी कुळांना पडणारे व्याज बारा ते चोवीस टक्के आणि कित्येकदा त्याहून जास्त दिसते. आयोगाचे क्षेत्र दख्खनचे होते, खानदेशाचे नव्हते. म्हणून हा दर नशिराबादला लावणे हे अनुमान आहे. मात्र इथल्या सावकारी व्यवहाराची घडण तशीच असल्याने ते धाडसाचे वाटत नाही. चोवीस टक्के धरून तोच हिशोब पुन्हा करू. आज कर भरायला दुकानदाराने सावकाराकडून पंचवीस रुपये घेतले, तर मुद्दल तसेच ठेवूनही त्याला दरसाल सहा रुपये व्याज लागेल. सरकारने त्याच्या वतीने कर्ज काढले असते, तर दरसाल एक रुपया. चोवीस टक्के दराने कायमच्या एका रुपयाची आजची किंमत जेमतेम चार रुपये पावणेतीन आणे होते. सरकारी खात्यावर जे पंचवीसला पंचवीस होते, ते त्याच्या घरात पंचवीसला सव्वाचारांहूनही थोडे कमी झाले.

हा माणूस दूरचे पाहत नाही असे नाही. उलट तो अगदी नीट पाहतो, म्हणूनच कर्जाचा मार्ग त्याला स्वस्त दिसतो. सरकारच्या स्वस्त पतीवर उधारी होणे हा त्याच्यासाठी खरा फायदा आहे, मनाचा भास नाही. हातात राहिलेले पंचवीस रुपये तो पुढच्या करासाठी बाजूला ठेवणार नाही. तो आधी सावकाराचे देणे कमी करील, किंवा मालाची खरेदी थांबू देणार नाही, किंवा टंचाईच्या वर्षी धान्य घेईल. बाहेरून पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटेल आणि रिकार्डोने म्हटल्याप्रमाणे लोक हिशोब करत नाहीत असा शेरा मारता येईल. पण हिशोब झालेला आहे, फक्त दर दुसरा आहे. आजच्या अर्थशास्त्रात याला उधारीची मर्यादा म्हणतात. समतुल्यता मोडणारी सर्वांत ठोस अडचण हीच आहे: घराचा व्याजदर आणि सरकारचा व्याजदर एक नसणे.

यावरून दुष्काळी वर्षांतल्या एका नेहमीच्या उपायाचा अर्थही उलगडतो. सारा दोन प्रकारे सैल होई. सूट दिली तर तो माफ. तहकुबी दिली तर तो पुढच्या चांगल्या वर्षावर ढकललेला. समतुल्यतेच्या कडक अर्थाने तहकुबीला जवळजवळ शून्य परिणाम असायला हवा, कारण आज न घेतलेले उद्या घेतलेच जाणार. पण चोवीस टक्क्यांच्या घरात वर्षभर बिनव्याजी लांबलेले दहा रुपये म्हणजे जवळपास अडीच रुपयांची प्रत्यक्ष बचत, कारण तेवढे सावकाराचे व्याज वाचले. म्हणून तहकुबी ही पूर्ण भेटही नव्हती आणि पोकळ आश्वासनही नव्हते. ते सरकारी दराचे, किंबहुना बिनव्याजाचे, कर्ज होते.

स्ट्रॅचींच्या योजनेला ही बाजू लागू केली की चित्र उलटे होते. त्यांनी कर्ज टाळण्यासाठी आगाऊ कर घेतला. सरकारचे चार टक्के वाचावेत म्हणून इलाख्यातल्या लहान मिळकतीच्या माणसांनी कदाचित चोवीस टक्क्यांनी पैसा उभा केला. १८८० मध्ये परवाना करातून पाचशे रुपयांखालच्या उत्पन्नाला सूट मिळाली. तिचे कारण लहान लोकांकडून वसुलीचा त्रास आणि असंतोष हे होते. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेला याच करावरून दंगा झाला होता. पण परिणाम पाहिला तर ज्यांच्या घरात समतुल्यता सर्वांत जास्त मोडत होती, त्यांनाच सुधारणेने बाहेर काढले. हा मेळ सरकारने याच विचाराने जुळवला असे दाखवणारा पुरावा माझ्यासमोर नाही. म्हणून याला परिणाम म्हणावे, हेतू म्हणू नये.

आता सगळ्यांत नाजूक कागद राहिला. १८७८ च्या सुरुवातीला कर मंजूर होताना व्हाइसरॉय लिटन आणि स्ट्रॅची यांनी हा पैसा दुष्काळासाठीच असल्याची ग्वाही दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अफगाण युद्ध सुरू झाले. रुपयाचा पौंडाशी असलेला भाव घसरत होता, त्याचाही तोटा होता. १८७९ च्या अंदाजपत्रकात विम्याची तरतूद मागे पडली. कर मात्र चालू राहिला. युद्धखर्चाचा अंदाज पुढे फारच तोकडा ठरला. त्या चुकीसाठी स्ट्रॅचींवर टीका झाली आणि ब्रिटिश तिजोरीने पन्नास लाख पौंडांचा वाटा उचलला. एव्हलिन बेअरिंग अर्थसदस्य झाल्यावर १८८१ मध्ये दीड कोटींची दुष्काळ तरतूद पुन्हा उभी राहिली. त्या खात्यात दुष्काळ निवारण, संरक्षक रेल्वे, संरक्षक पाटबंधारे आणि कर्ज कमी करणे किंवा टाळणे, असे भाग होते.

भारतीय वृत्तपत्रांनी याला शब्दभंग म्हटले. सरकारी बाजूचे उत्तर असे होते, की विमा म्हणजे वेगळी पेटी नव्हे. कर आला म्हणजे तेवढे कर्ज टळले, मग तो पैसा कुठल्या नावाने खर्च झाला याला महत्त्व नाही. हिशोबनीसाच्या भाषेत हे उत्तर चूक नाही. पैसा पैशात मिसळतो. पण रिकार्डोची अट आठवली की उत्तरातली फट दिसते. तुलना तेव्हाच खरी, जेव्हा खर्च ठरलेला असतो आणि फक्त पैसा उभारण्याची रीत बदलते. कराचा पैसा हाती होता म्हणून युद्ध सोपे झाले असेल, किंवा युद्धाचे कर्ज त्यामुळे कमी दिसले असेल, तर खर्चच बदलला. मग दुकानदाराने १८७८ मध्ये जो कर ‘पुढचे कर्ज टळले’ असे समजून भरला, तो पुढच्या दुष्काळाच्या खात्यावर जमा धरला जाणार नाही. दुष्काळ पडल्यावर त्याला तोच खर्च पुन्हा भरावा लागेल. करामुळे युद्धखर्च वाढला का, की युद्ध तसेही झाले असते? सीमेच्या राजकारणाचे कागद पाहता युद्धाचा निर्णय पैशावर अवलंबून नव्हता, असे माझे मत आहे. तरीही घरासाठी निष्कर्ष बदलत नाही. त्याने आगाऊ भरलेले पैसे त्याच्या नावे शिल्लक राहिले नाहीत.

इथे नशिराबादचा जुना अनुभवही जमेस धरावा लागतो. गॅझेटियरच्या नोंदीप्रमाणे गाव १८०१ मध्ये एका लुटारूने लुटले आणि १८०३ च्या मोठ्या दुष्काळाच्या आधी पेशव्यांच्याच एका अधिकाऱ्याने. ज्या गावाच्या स्मरणात राज्यकर्त्याच्या माणसाने केलेली लूट आहे, तिथे ‘आज भरा, उद्या सुटाल’ या वचनाला किती किंमत मिळेल? नोंद लोकांचे मन सांगत नाही, म्हणून मी हे अनुमान हलक्या हाताने मांडतो. पण सिद्धांताच्या दृष्टीने मुद्दा जड आहे. पुढचा कर दिसण्यासाठी नजर लागते. तो कमी होईल यावर आज खर्च बेतण्यासाठी वचनावर विश्वास लागतो. नजर असून विश्वास नसेल, तर आज कर भरलेला माणूस उद्याचा करही तेवढाच धरून चालतो. मग करामुळे कर्ज टळल्याचा दिलासा त्याच्या घरात पोहोचतच नाही.

आता हाती काय लागले ते वेगळे करू. निश्चित एवढे, की १८२० च्या हिशोबात चूक नाही. एकच व्याजदर, तेच करदाते, ठरलेला खर्च आणि पाळलेले वचन असेल, तर कर आणि कर्ज घरासाठी सारखेच. खानदेशातले लोक भविष्यातल्या कराकडे पाहून वागत, हे १८५२ च्या विरोधावरून आणि १८७९ च्या कायद्यावरून बऱ्यापैकी सिद्ध होते. सरकार आणि घर यांच्या व्याजदरांत मोठी दरी होती हे दख्खनबाबत कागदोपत्री आहे आणि खानदेशाबाबत फार संभाव्य आहे. विम्याचे वचन पहिल्याच परीक्षेत ढळले हे निश्चित. त्यामुळे घरांनी कराचा हिशोब बदलला, हे संभाव्य.

रिकार्डोचा संशय माणसांच्या दृष्टीवर होता. खानदेशाचे कागद त्याला वेगळे उत्तर देतात: दृष्टी पुरेशी होती, समतुल्यता मोडली ती सावकाराच्या दरावर आणि सरकारच्या शब्दावर. म्हणून सरकार आज कर घेण्याऐवजी कर्ज काढत असेल, किंवा कर्ज टाळायला आगाऊ कर घेत असेल, तेव्हा ‘लोक दूरचे पाहतात का’ हा प्रश्न पुरत नाही. ज्याच्यावर कर पडतो त्याला स्वतःला किती टक्क्यांनी पैसा मिळतो आणि त्याने भरलेल्या पैशामुळे उद्याचा कर खरोखर कमी होतो का, हे दोन आकडे शोधावे लागतात. पहिला सावकाराच्या वहीत सापडतो, दुसरा पुढच्या वर्षांच्या अंदाजपत्रकांत. या दोन्ही ठिकाणी पाहिल्याशिवाय कर आणि कर्ज सारखे आहेत असेही म्हणू नये, वेगळे आहेत असेही म्हणू नये.